माशीच्या जवळच्या फोटोत आधी पंखाचं टोक बघा: घरमाशी, निळी-हिरवी माशी, गोमाशी, फळमाशी आणि वाळूमाशी ओळखण्याची रीत

मी काढलेल्या एका फोटोत तपकिरी-लाल, प्रचंड मोठ्या डोळ्यांची माशी होती. दोन्ही डोळे डोक्यावर एकमेकांना जवळपास टेकले होते आणि प्रत्येक डोळ्यावर आडवी रेघ मारल्यासारखे वरचा आणि खालचा असे दोन भाग दिसत होते. एवढे मोठे डोळे आणि त्यांवर पट्टा, म्हणजे गोमाशीच असणार असं धरून मी फोटोखाली तसंच नाव लिहिलं. ते साफ चुकीचं होतं. चूक कळली ती पंखाकडे बघितल्यावर, आणि तेव्हापासून मी माशी बघण्याचा क्रम बदलला. डोळे आपलं लक्ष आधी खेचून घेतात, पण पुरावा म्हणून ते सर्वांत शेवटी घ्यावेत. आधी पंख, मग अंगाची चमक, मग डोळे. हा क्रम पाळला की या पाच माश्यांपैकी बहुतेक फोटो दोन-तीन मिनिटांत मार्गी लागतात.

फोटो काढतानाची तयारी

ओळख पटवायची असेल तर एक सुंदर फोटो पुरत नाही. माशीचे किमान तीन फोटो हवेत: एक बरोबर वरून, एक बाजूने आणि एक समोरून. वरच्या फोटोत पाठीवरचे पट्टे आणि पंखांची ठेवण दिसते. बाजूच्या फोटोत पंखाच्या शिरा आणि अंगावरचे राठ केस दिसतात. समोरच्या फोटोत डोळ्यांमधलं अंतर आणि छोट्या शृंगिका दिसतात. जवळून फोटो काढताना स्पष्ट दिसणारा भाग जेमतेम मिलिमीटरभर खोल असतो, त्यामुळे डोळा स्वच्छ आला की पंख धूसर होतो. म्हणून पंखासाठी वेगळा फोटो घ्यावा आणि फोकस थेट पंखाच्या टोकावर ठेवावा. माशी काचेवर बसली असेल आणि उजेड मागून येत असेल तर शिरा नकाशातल्या नद्यांसारख्या उठून दिसतात. अशी संधी सोडू नये.

फ्लॅश वापरायचा असेल तर त्याच्यासमोर पांढरा पातळ कागद धरा. उघड्या फ्लॅशने चकचकीत अंगावर पांढरा जळका ठिपका पडतो आणि मूळ रंग कळत नाही. मोबाइलमधली आपोआप रंग गडद करणारी सोय बंद ठेवा, कारण साधी काळपट माशीसुद्धा तिच्यामुळे निळसर दिसू लागते. आणखी एक सवय लावून घ्या. माशी उडून गेल्यावर त्याच जागी, तेवढ्याच अंतरावरून मोजपट्टीचा एक फोटो काढा. या पाचांत आकाराचा फरक इतका मोठा आहे की निम्मं काम तिथेच होतं. वाळूमाशी 2 ते 3 मिलिमीटरची, घरमाशी साधारण 6 ते 7 मिलिमीटरची, तर मोठी गोमाशी 20 मिलिमीटरच्याही पुढे जाते. मोजपट्टी नसेल तर भरपूर मोठा केलेला फोटो या सगळ्यांना एकाच मापाचं करून टाकतो.

लहान माश्यांच्या बाबतीत फोटोची मर्यादाही आधीच माहीत असलेली बरी. समजा, कॅमेऱ्याचा सेन्सर 36 मिलिमीटर रुंद आहे, त्यावर 6000 पिक्सेल आहेत आणि लेन्स वस्तू आहे तेवढ्याच आकाराची सेन्सरवर उतरवते. मग एका मिलिमीटरला सुमारे 167 पिक्सेल मिळतात. 7 मिलिमीटरची घरमाशी जवळपास 1170 पिक्सेल व्यापते, पण 2 मिलिमीटरची वाळूमाशी 335 पिक्सेलांतच संपते. एवढ्यात पंखांची ठेवण आणि अंगावरची लव कळते, शिरांची बारीक वळणं मात्र मागू नयेत.

पहिली पायरी: पंख

आधी माशीने पंख कसे ठेवलेत ते बघा. अगदी छोटी, केसाळ, लांब बारीक पायांची माशी बसलेली असताना दोन्ही पंख पाठीवर इंग्रजी व्ही अक्षरासारखे उभे धरत असेल, तर ती वाळूमाशी. बाकीच्या चार माश्या बसल्यावर पंख असे वर उभारून धरत नाहीत. वाळूमाशीचा पंख भाल्याच्या पात्यासारखा निमुळता असतो, त्याच्या शिरा लांबीच्या दिशेने जातात आणि शिरांवर व कडेला केस असतात. म्हणून फोटोत पंखाची कड मऊ, झालरीसारखी दिसते. हिच्या बाबतीत एक तोतया माशी नेहमी फसवते. न्हाणीघराच्या भिंतीवर, मोरीजवळ बसणारी केसाळ माशी हीसुद्धा तेवढीच छोटी असते, पण तिचे पंख रुंद असतात आणि बसल्यावर ते छपरासारखे उतरते किंवा पसरलेले राहतात, उभे राहत नाहीत. ती चावत नाही. वाळूमाशीची मादी चावते आणि तिच्या काही जाती काळा आजार पसरवतात, म्हणून हा फरक नीट पाहिला पाहिजे. शिवाय समुद्रकाठच्या चावऱ्या सूक्ष्म माश्यांनाही कित्येक ठिकाणी लोक वाळूमाशीच म्हणतात. त्या वेगळ्या कुळातल्या आहेत आणि बसल्यावर पंख पाठीवर आडवे, एकावर एक ठेवतात.

पंख उभे नसतील तर पंखाच्या टोकाशी या. तिथल्या दोन-तीन मिलिमीटरच्या जागेत बरंच काही लिहिलेलं असतं.

गोमाशीच्या पंखाच्या टोकाशी एक शीर दोन फाट्यांत विभागते. तो फाटा बेचकीसारखा उघडा असतो आणि पंखाचं अगदी टोक त्याच्या दोन फांद्यांच्या मधे येतं. ही खूण इतकी भरवशाची आहे की मला गोमाशीबद्दल शंका आली की मी दुसरं काही आधी बघतच नाही. पंखाच्या मधोमध शिरांनी चहूबाजूंनी बंद केलेला एक लांबट षट्कोनी कप्पाही दिसतो. काही गोमाश्यांच्या पंखांवर राखाडी नक्षी असते आणि त्या पंख छपरासारखे उतरते ठेवतात. काहींच्या पंखांवर रुंद काळा पट्टा असतो आणि त्या पंख त्रिकोणात फाकवून बसतात.

घरमाशीच्या पंखाच्या टोकाजवळ बेचकी नसते. मधून येणारी एक लांब शीर टोकाच्या थोडं आधी कोपरात हात दुमडावा तशी एकदम वर वळते आणि वरच्या शिरेच्या अगदी जवळ जाऊन कडेला पोचते. या वळणामुळे टोकाजवळचा कप्पा कडेला जाता जाता अरुंद होतो. निळ्या-हिरव्या माशीच्या पंखातही असाच कोपर असतो. त्यामुळे कोपर दिसला की गोमाशी आणि फळमाशी बाद होतात, पण घरमाशी की निळी-हिरवी माशी हा प्रश्न उरतो. तो पंखाने सुटत नाही, तो चमकेने सुटतो.

घरात फिरणारी आणि घरमाशीपेक्षा थोडी बारीक अशी आणखी एक माशी आहे, जी खोलीच्या मधोमध हवेत घिरट्या घालत राहते. तिची तीच शीर कोपर न करता सरळ कडेपर्यंत जाते. तिला घरमाशीचं पिल्लू समजणं ही फार जुनी गैरसमजूत आहे. माशी पंख फुटल्यानंतर वाढत नाही, त्यामुळे छोट्या माशीची पुढे मोठी माशी होत नाही.

फळमाशी हे नाव दोन वेगळ्या कुळांना लावलं जातं आणि पंख बघितल्याशिवाय हा गोंधळ निस्तरत नाही. पिकल्या केळ्यावर घोंगावणारं 2 ते 3 मिलिमीटरचं चिलट, प्रयोगशाळांमध्ये प्रसिद्ध झालेली ड्रोसोफिला, हिचे पंख बहुतेक जातींत स्वच्छ पारदर्शक असतात आणि लांब शिरा कोपर न करता टोकाकडे जातात. आंब्यात, पेरूत, काकडीत अंडी घालणारी दुसरी फळमाशी घरमाशीएवढी असते आणि तिच्या पंखांवर सहसा रंगाची खूण असते. बॅक्ट्रोसेरा या गटात पंखाच्या पुढच्या कडेने काळपट पट्टी जाते, तर त्याच कुळातल्या इतर कित्येक माश्यांचे पंख पट्ट्यापट्ट्यांचे असतात. मादीच्या पोटाच्या टोकाला अंडी घालण्याची टोकदार नळी असते. कंबर थोडी बारीक आणि वक्षावर, म्हणजे डोक्यामागच्या पाठीच्या भागावर, पिवळे डाग असल्यामुळे ही बऱ्याचदा गांधीलमाशीसारखी वाटते. गांधीलमाशीला चार पंख असतात आणि हिला दोन.

दुसरी पायरी: चमक

पंखात कोपर सापडला, आता अंगाचा रंग बघायचा. घरमाशीचं वक्ष राखाडी आणि भुरकट असतं, जणू वर बारीक पीठ भुरभुरलंय. त्यावर चार काळसर उभे पट्टे असतात. पोटाच्या बाजूंना पिवळट छटा असू शकते. हिच्या अंगावर धातूसारखी झळाळी नसते. निळ्या-हिरव्या माशीचं अंग मात्र नव्या पितळी भांड्यासारखं किंवा मोरपिसासारखं चमकतं: हिरवं, निळं, तांबूस, कधी जांभळट. मोठ्या निळ्या माश्यांच्या एका गटात वक्ष जरा मळकट निळसर-काळं असतं आणि खरी निळी झळाळी पोटावर दिसते. म्हणून फोटोत फक्त वक्ष आलं असेल तर घाईने निर्णय घेऊ नये.

ही झळाळी रंगद्रव्याची नाही. कवचातल्या अतिशय पातळ थरांवरून परतणारा प्रकाश एकमेकांत मिसळून काही रंग वाढवतो आणि काही पुसतो, त्यातून ती तयार होते. म्हणूनच तिरप्या कोनातून बघितलं की हिरवं निळसर होतं. ओळखीसाठी याचा फायदा करून घेता येतो. राखाडी माशीच्या गुळगुळीत भागावर निळ्या आभाळाचं प्रतिबिंब पडलं की तिथेही निळा ठिपका दिसतो आणि बघणारा फसतो. अशा वेळी दोन कोनांतून काढलेले फोटो शेजारी ठेवा. आभाळाचं प्रतिबिंब जागा बदलतं आणि त्याने सोडलेल्या जागी साधा काळा किंवा राखाडी रंग उरतो. खरी झळाळी छटा बदलते, पण सगळ्या पृष्ठभागावर कायम राहते.

राखाडी आणि पट्टेवाली प्रत्येक माशीसुद्धा घरमाशी नसते. पट्टे मोजा. चारच्या जागी तीन ठळक काळे पट्टे, पोटावर बुद्धिबळाच्या पटासारखे राखाडी-काळे चौकोन आणि अंगाने घरमाशीपेक्षा दांडगी, असं दिसलं तर ती मांसमाशी. कोन बदलला की तिच्या पोटावरचे काळे चौकोन राखाडी होतात आणि राखाडी काळे. मोबाइल फिरवत दोन फोटो काढले की हे लगेच दिसतं.

आता उलट बाजूचा फसवा प्रकार. घरमाशीच्याच कुळातल्या काही माश्या झगझगीत हिरव्या असतात. त्यांच्यासाठी बाजूचा फोटो उघडा आणि वक्षाच्या बाजूला, मधल्या आणि मागच्या पायाच्या बुंध्याच्या वरचा भाग बघा. निळ्या-हिरव्या माशीला तिथे राठ केसांची एक उभी रांग असते, कंगव्याच्या दातांसारखी. घरमाशीच्या कुळात ती रांग नसते. ही खूण दिसायला फोटो खरोखर स्वच्छ लागतो. रांग दिसली तर नाव खात्रीने लिहा, भाग धूसर असेल तर रांग नाही असं समजू नका.

गोमाशीच्या अंगावर धातूसारखी झळाळी सहसा नसते. ती तपकिरी, काळी, राखाडी, कधी पिवळसर पट्ट्यांची असते, आणि तिच्या अंगावर बारीक लव असली तरी घरमाशीसारखे उभे राठ केस नसतात. राठ केसांनी भरलेल्या पाठीची माशी गोमाशी असण्याची शक्यता त्यामुळेच फार कमी. ड्रोसोफिला पिवळट-तपकिरी आणि किंचित अर्धपारदर्शक दिसते, वाळूमाशी वाळूच्या रंगाची आणि केसाळ. या दोघींत चमक शोधत बसू नये.

तिसरी पायरी: डोळे

आता डोळे. घरमाशीचे डोळे गंजासारखे तांबूस, एकरंगी. नराचे डोळे डोक्यावर एकमेकांच्या जवळ येतात, मादीचे लांब राहतात. म्हणजे डोळ्यांमधलं अंतर आधी नर की मादी हे सांगतं, आणि माशी कुठली हे त्यानंतर. गोमाशीतही तसंच आहे: नराचे डोळे टेकलेले, मादीच्या डोळ्यांमधे अरुंद पट्टी. चावते ती मादी, त्यामुळे अंगावर बसलेल्या गोमाशीच्या फोटोत ही पट्टी दिसते.

गोमाशीच्या डोळ्यांची खरी ओळख म्हणजे जिवंतपणी दिसणारी हिरवी-सोनेरी झाक आणि तीवरचे जांभळे-तांबडे पट्टे किंवा ठिपके. हे रंगही पातळ थरांतून येतात. माशी मेली आणि डोळा सुकला की ते उडतात आणि नुसता काळपट डोळा उरतो. संग्रहातल्या मेलेल्या गोमाशीच्या फोटोत पट्टे नाहीत म्हणून ती गोमाशी नाही असं म्हणता येत नाही. शिवाय बऱ्याच जातींना जिवंतपणीही पट्टे नसतात.

ड्रोसोफिलाचे डोळे विटेसारखे किंवा गडद लाल असतात, ही खूण सगळ्यांना पाठ असते. पण थॉमस हंट मॉर्गन यांना 1910 मध्ये याच माशीत पांढऱ्या डोळ्यांचा नर सापडला आणि प्रयोगशाळांत आज असे कित्येक वाण पाळले जातात. त्या माश्यांचे पंख पहिल्यासारखेच असतात. रंग एका जनुकाच्या फरकाने बदलू शकतो, म्हणूनही मी डोळ्यांचा पुरावा शेवटी घेतो. वाळूमाशीचे डोळे लहानशा डोक्याच्या मानाने मोठे आणि काळे असतात, फिकट केसाळ अंगावर दोन काळे ठिपके ठेवल्यासारखे.

तो फसलेला फोटो

सुरुवातीच्या फोटोकडे परत येतो. मोजपट्टीशी ताडून माशी साधारण 10 मिलिमीटर भरली. या आकाराच्या गोमाश्याही असतात, म्हणून मापाने काहीच ठरलं नाही. पंखाच्या टोकाशी गेलो. तिथे बेचकी नव्हती. मधली शीर कोपर करून वर वळलेली स्पष्ट दिसत होती. गोमाशी तिथेच बाद झाली. मग चमक पाहिली: वक्ष आणि पोट दोन्ही निळसर-हिरव्या झळाळीचे, पोटाच्या प्रत्येक खंडाची मागची कड काळपट. दोन कोनांतल्या दोन्ही फोटोंत झळाळी टिकली होती. समोरच्या फोटोत शृंगिकेवरचा केस पिसासारखा फाटलेला होता. गोमाशीच्या शृंगिकेला असं पीस नसतं, तिच्या टोकाचा भाग जाडसर आणि कडी-कडींचा असतो. बाजूच्या फोटोत राठ केसांची रांगही सापडली. एवढ्यावरून निळी-हिरवी माशी हे नक्की झालं.

मग तो पट्टा काय होता? डोळा शंभर टक्के मोठा करून बघितल्यावर कळलं की तिथे रंगाचा पट्टा नव्हताच. डोळ्याच्या वरच्या भागातली भिंगं मोठी होती, खालच्या भागातली बारीक, आणि दोन्हींची सीमा रेघेसारखी तुटक होती. मोठ्या भिंगांचा भाग फिकट लाल दिसतो, बारीक भिंगांचा गडद, म्हणून दुरून पट्ट्याचा भास होतो. क्रायसोमिया मेगासेफाला या माशीच्या नरात अशी ठळक सीमा असते. गालाचा भागही नारिंगी-पिवळा होता, तोही या माशीशी जुळला. बऱ्याच नर गोमाश्यांतही वरची भिंगं मोठी असतात, म्हणून भिंगांच्या फरकाला पंखाचा आधार नसता तर मी पुन्हा तिथेच घसरलो असतो.

कुठे थांबायचं

या रीतीने फोटोवरून पाच गट सुटतात, जात मात्र दर वेळी कळत नाही. हिरव्या ल्युसिलियाच्या दोन जवळच्या जाती पाठीवरचे आणि डोक्यामागचे बारीक केस मोजून वेगळ्या करतात आणि असे केस हौशी फोटोत क्वचितच मोजता येतात. मांसमाशीच्या जाती बहुतेक वेळा नराचे जननावयव बघून ठरतात. वाळूमाशीच्या जातींसाठी नमुना काचपट्टीवर ठेवून सूक्ष्मदर्शकाखाली घशातली रचना आणि मादीच्या शरीरातली शुक्राणू साठवणारी पिशवी तपासावी लागते. त्यामुळे फोटोखाली मी "हिरवी माशी, ल्युसिलिया गट, नर" असं लिहून थांबतो, आणि त्यापुढे कंसात कुठला भाग धूसर होता तेही लिहून ठेवतो, म्हणजे पुढच्या खेपेला फोकस कुठे ठेवायचा हे आठवतं.